हप्ता भरतो, भरत आहे की भरत असतो?

माझं माहेर अमळनेरचं आणि सासर सावद्याकडचं. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली, आता निवृत्त आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एक तेलुगू भाषिक तरुण बँक अधिकारी भाड्याने राहायला आले. कामापुरतं हिंदी त्यांना येत होतं, मराठी शिकायची होती. संध्याकाळी वही घेऊन यायचे. एकदा आले ते चेहरा पाडूनच. केळीच्या बागेची पाहणी करून त्यांनी मराठीत टिपण लिहिलं होतं, आणि त्यांच्या वरिष्ठांनी शेवटच्या वाक्याला गोल करून बाजूला लिहिलं होतं, ‘म्हणजे भरतो की नाही?’

वाक्य होतं: ‘अर्जदार जुन्या ट्रॅक्टर कर्जाचा हप्ता भरत असतो.’

शब्द सगळे बरोबर, व्याकरणात चूक नाही, आणि तरी वाचणाऱ्याच्या मनात शंका. जातो, जात आहे, जात असतो या तीन रूपांतला फरक आपण जन्मभर न चुकता वापरतो, पण कुणी विचारलं तर सांगता येत नाही. शाळेच्या पुस्तकात साधा वर्तमान, अपूर्ण वर्तमान आणि रीती वर्तमान अशी नावं आहेत. ती पाठ करून त्या तरुणाचं वाक्य सुधारलं नसतं. मी त्यांना ज्या क्रमाने समजावलं तोच क्रम इथे देते.

आधी क्रियापद बाजूला ठेवा, नुसतं आहे आणि असतो बघा

सुरुवात ‘जातो’पासून करायची नाही. मराठीत ‘असणे’ची वर्तमानात दोन रूपं आहेत आणि सगळं कोडं तिथेच सुटतं.

‘ही केळी गोड आहेत’ म्हणजे समोरच्या फणीतलं एक तोडून खाल्लं आणि सांगितलं. ‘केळी गोड असतात’ म्हणजे केळी या फळाबद्दल बोललो, समोर केळं असो वा नसो. ‘आज ऊन कडक आहे’ हे अंगणात उभं राहून म्हणतात. ‘मे महिन्यात आपल्याकडे ऊन कडक असतं’ हे जानेवारीतही म्हणता येतं. ‘आप्पा घरी आहेत’ ऐकलं की पाहुणा चप्पल काढून आत येतो. ‘आप्पा दुपारी घरी असतात’ ऐकलं की दुपारी येतो म्हणून परत फिरतो.

म्हणजे ‘आहे’ एकच एक प्रसंग दाखवतं. ‘असतो’ असे अनेक प्रसंग एकत्र करून सांगतं: जेव्हा जेव्हा बघाल तेव्हा हेच दिसेल. हिंदीतही है आणि होता है आहेच, त्यामुळे आमच्या या तरुण साहेबांना एवढं पाच मिनिटांत कळलं. हे पक्कं होईपर्यंत पुढे जायचं नाही. मी त्यांच्याकडून दहा-बारा जोड्या करून घेतल्या: बँक बंद आहे, बँक रविवारी बंद असते; गाडी भरलेली आहे, सकाळची गाडी भरलेली असते.

मग ‘जात’ जोडा

‘जात’ हा शब्द एक चालू चित्र आहे: पाय रस्त्यावर, अजून पोहोचलेला नाही. त्यापुढे ‘आहे’ लावलं की ते चित्र एका प्रसंगातलं झालं. ‘तो शाळेत जात आहे.’ त्यापुढे ‘असतो’ लावलं की तेच चित्र पुन्हा पुन्हा दिसणारं झालं. ‘मी दूध आणायला निघते तेव्हा तो शाळेत जात असतो.’

हे दुसरं वाक्य नीट बघा. यात सवयही आहे आणि चालू क्रियाही आहे, दोन्ही एकदम. रोज मी निघते, आणि रोज तो मला वाटेत, अर्ध्या रस्त्यावर दिसतो. इथे ‘जातो’ घालून बघा: ‘मी दूध आणायला निघते तेव्हा तो शाळेत जातो.’ आता अर्थ बदलला. मी निघाले की तोही निघतो, असं काहीसं वाटतं. ‘जात असतो’चा मूळ आणि सगळ्यात स्वच्छ उपयोग हाच. ‘जेव्हा’, ‘की’, ‘त्या वेळी’ असा एखादा खुंटा वाक्यात असतो आणि त्या खुंट्यापाशी दर वेळी क्रिया चालू सापडते.

खुंटा काढून टाकला की अर्थ सैल होतो. ‘तो धुळ्याला जात असतो.’ कधी? केव्हाही. अधूनमधून. आपण बघू तेव्हा त्याचं जाणं-येणं चालू. यात नियमितपणाची हमी नाही, उलट ‘मधूनमधून’ची छटा आहे. साहेबांच्या टिपणात नेमकं हेच झालं होतं. ‘हप्ता भरत असतो’ म्हणजे भरतो बिचारा, जमेल तसा. कर्जाच्या कागदावर असलं वाक्य वाचून कुणीही भुवया उंचावेल. त्यांना वाटलं होतं की शब्द जास्त म्हणजे सवय पक्की. मराठीत उलट आहे. पक्की सवय सांगायला सगळ्यात आखूड रूप लागतं.

जातो: नियम, पद्धत, वेळापत्रक

‘तो सहामाहीला हप्ता भरतो.’ ‘मुंबईहून येणारी गाडी भुसावळला थांबते.’ ‘इथले लोक भरीत हिरवी मिरची घालून करतात.’ यात कुणी बघणारा नाही, चालू चित्रही नाही. फक्त असं असं घडतं, एवढंच.

‘जातो’ला आणखी बारीकसारीक कामं आहेत. उंबऱ्याशी उभं राहून ‘बरं, मी जातो’ म्हणणारा सवय सांगत नसतो, निघण्याचा बेत सांगतो. रस्त्यात भेटलेल्याला आपण ‘कुठे जातोस रे?’ विचारतो तेव्हा तो जातच असतो. बोलण्यात ‘जातो’ हे चालू क्रियेलाही खपून जातं, कारण माणूस समोर दिसत असतो. लिहिताना ती सोय नाही, म्हणून लिहिताना जास्त सावध राहावं लागतं.

एक गोष्ट शिकणाऱ्याला सांगितलीच पाहिजे. ‘जातो’मध्ये लिंग क्रियापदावर दिसतं: तो जातो, ती जाते. ‘जात आहे’मध्ये ते दिसत नाही: तोही जात आहे, तीही जात आहे. ‘जात असतो’मध्ये पुन्हा दिसतं, पण ‘असतो’वर: ती जात असते. साहेब सुरुवातीला ‘ती जाते असते’ म्हणायचे. ‘जात’ला हात लावायचा नाही, ते तसंच राहतं.

जात आहे: आणि इथे सगळे अडखळतात

हिंदीतून येणाऱ्याचा घोटाळा ठरलेला आहे. हिंदीत ‘वह रोज़ जाता है’ हे सवयीचं वाक्य. ‘जाता है’ आणि ‘जात आहे’ दिसायला सख्खे भाऊ, म्हणून तो लिहितो, ‘मी रोज बँकेत जात आहे.’ पण हिंदीच्या ‘जाता है’चा जोडीदार मराठीत ‘जातो’ आहे आणि ‘जा रहा है’चा जोडीदार ‘जात आहे’. दिसण्यावर जायचं नाही. नवापूरकडच्या गुजराती बोलणाऱ्या मुलांची अडचण वेगळी. त्यांच्या ‘जाय छे’मध्ये दोन्ही अर्थ मावतात, त्यामुळे मराठीत कुठलं घ्यावं हे त्यांना दर वेळी ठरवावं लागतं.

आपल्या खानदेशी मुलांचं काय? खरं तर त्यांना हा फरक घरूनच येतो. अहिराणीत ‘तो रोज जळगावले जास’ आणि ‘तो जळगावले जाई राहिना’ यांची गल्लत तीन वर्षांचं पोरही करत नाही. सवयीला ‘जास’, चालू क्रियेला ‘जाई राहिना’. सासरी सावद्याकडे ‘जाऊन राहिला’ सर्रास ऐकू येतं, वऱ्हाडातही तेच. मला विचाराल तर हे रूप ‘जात आहे’पेक्षा नेमकं आहे, कारण त्यात चालू क्रियेशिवाय दुसरा अर्थच शिरत नाही. पण प्रमाण मराठीत ते जसंच्या तसं नेलं की गंमत होते. माझ्या एका विद्यार्थ्याने रजेच्या अर्जात लिहिलं होतं, ‘माझे वडील मुंबईला जाऊन राहिले आहेत.’ त्याला म्हणायचं होतं, वडील मुंबईला निघालेत, मला त्यांच्यासोबत जायचं आहे. मुंबई-पुण्याचा माणूस वाचेल की वडील मुंबईत जाऊन स्थायिक झाले! म्हणून मुलांना मी एवढंच सांगायचे: घरी ‘जाई राहिना’ येत असेल तिथे कागदावर ‘जात आहे’, आणि ‘जास’ येत असेल तिथे ‘जातो’. अहिराणी घरच्या मुलाला यापलीकडे नियम लागत नाही. त्याने मनात घरचं वाक्य म्हणून बघावं आणि मग लिहावं.

बोलण्यात प्रमाण मराठीही ‘जात आहे’ फारसं म्हणत नाही. ‘जातोय’, ‘जातेय’, ‘जातायत’ म्हणते. ‘जातो आहे’चंच ते आटलेलं रूप. ‘जात आहे’ अर्जात, बातमीत, टिपणात शोभतं.

आता खरी मेख. बहुतेक ठिकाणी शिकवतात की वाक्यात ‘रोज’ असेल तर ‘जातो’, ‘आत्ता’ असेल तर ‘जात आहे’. हा नियम अर्धाच खरा आहे. ‘गेल्या तीन वर्षांपासून तो रोज जळगावला जात आहे’ हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, आणि त्यात ‘रोज’ही आहे. इथे क्रिया या क्षणाची नाही, कदाचित आत्ता तो झोपलेला असेल. चालू आहे तो काळ: तीन वर्षांपूर्वी सुरू झाला आणि अजून संपलेला नाही. ‘-पासून’ आलं की ‘जात आहे’ नैसर्गिक वाटतं. ‘सध्या’, ‘हल्ली’ आलं तरी चालतं, मात्र त्यात तात्पुरतेपणा येतो. ‘तो पुण्यात राहतो’ म्हणजे तिथला झाला. ‘तो सध्या पुण्यात राहत आहे’ म्हणजे उद्या परतही येईल. तेव्हा शब्द मोजू नका, विचारा: ही गोष्ट सुरू होऊन अजून संपायची आहे, असं मला सांगायचं आहे का?

शंका आली तर वाक्य मागच्या काळात ढकला

वर्तमानकाळात तिन्ही रूपं एकमेकांच्या अंगणात शिरतात, भूतकाळात मात्र वेगळी होतात. म्हणून ही कसोटी मला सगळ्यात भरवशाची वाटते. वाक्य ‘तेव्हा’ने सुरू करा आणि कानाला काय बरं वाटतं ते ऐका.

‘तेव्हा तो हप्ता भरायचा’ (किंवा पुस्तकी ‘भरत असे’) आलं, तर वर्तमानात ‘भरतो’.
‘तेव्हा तो हप्ता भरत होता’ आलं, तर ‘भरत आहे’.
‘तेव्हा तो हप्ता भरत असायचा’ आलं, तर ‘भरत असतो’.

बागेतलं उदाहरण घ्या. ‘मी पोहोचलो तेव्हा मजूर घड कापत होते.’ एकदाच गेलो, एकदाच दिसलं. ‘मी पोहोचायचो तेव्हा मजूर घड कापत असायचे.’ अनेकदा गेलो, दर वेळी तेच दिसलं. पहिल्याचं वर्तमान ‘कापत आहेत’, दुसऱ्याचं ‘कापत असतात’. पोहोचलो आणि पोहोचायचो हे आधीचं क्रियापदच सांगून टाकतं की पुढे काय येणार.

ज्याची मातृभाषा मराठी नाही त्याला ‘कानाला बरं वाटणं’ लगेच जमत नाही, हे खरं. साहेबांना ते यायला दोन महिने लागले. तोवर त्यांनी ‘एकदा की अनेकदा’ हाच प्रश्न धरून ठेवला.

‘नाही’ लावल्यावर

नकारात एक जागा गुळगुळीत आहे. ‘भरतो’ आणि ‘भरत आहे’ दोघांचाही नकार ‘भरत नाही’ होतो. ‘मी चहा पीत नाही’ म्हणजे पितच नाही. आत्ता एवढ्यापुरतं सांगायचं तर बोलण्यात ‘पीत नाहीये’ म्हणावं लागतं. पाहुण्याला चहा विचारताना हा फरक कळला नाही तर जन्मभर त्याला दूध देत बसाल. लिहिताना ‘सध्या’ किंवा ‘या महिन्यात’ असा शब्द घातला की काम भागतं.

‘भरत नसतो’ मात्र वेगळ्याच वाटेने गेलंय. ‘शहाणा माणूस कोऱ्या कागदावर सही करत नसतो.’ ही नुसती सवय नाही, शिकवण आहे. ‘मोठ्यांना असं उलट बोलत नसतात’ हे आईने पोराला दिलेलं वळण आहे. आणि ‘तो काही आता पैसे देत नसतो’ म्हणजे त्याने द्यायची आशा सोडा! ‘असतो’ची ‘जेव्हा बघाल तेव्हा’ ही छटा नकारात ‘कधीही बघा, होणारच नाही’ अशी होते. होकारातही थोडी चिडचिड याच छटेतून येते: ‘नेहमी मोबाइलमध्ये बघत असतो’ म्हणताना कुणी कौतुक करत नाही.

सवय लावायला सांगायचं असेल तर ही तिन्ही रूपं सोडून ‘जात जा’ म्हणतात. ‘पोहोचलास की फोन करत जा.’ हे जाता जाता.

काही क्रियापदं ‘आहे’ला वेगळीच दाद देतात

‘तो बाकावर बसत आहे’ म्हणजे गुडघे वाकलेत, अजून टेकलेला नाही. बसून झाल्यावर आपण ‘बसला आहे’ म्हणतो, आणि रोजचंच असेल तर ‘बसलेला असतो’. झोपणे, उभं राहणे, अंगात कपडे घालणे यांचंही तसंच. ‘बाळ झोपत आहे’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बाळ अजून पेंगतंय असं वाटेल. हिंदी बोलणाऱ्याला हे अवघड जात नाही, ‘बैठा है’ त्याच्या ओळखीचं असतं.

आवडणे, वाटणे, कळणे यांना सहसा साधं रूप पुरतं: मला आवडतं, मला कळतं. ‘आवडतंय’ म्हटलं की हा घास, हे गाणं, एवढ्यापुरतं.

आता ते टिपण

मूळ टिपणात सहा वाक्यं होती. जशी होती तशी देते.

‘अर्जदार सावद्याजवळच्या गावात राहत आहे. त्याच्या दोन एकरांत साडेतीन हजार केळीची खोडं असतात. तो बागेला ठिबकने पाणी देत आहे. मी बागेत पोहोचलो तेव्हा मजूर घड कापत असतात. व्यापारी बांधावर येऊन माल घेत आहे. अर्जदार जुन्या ट्रॅक्टर कर्जाचा हप्ता भरत असतो.’

पहिलं वाक्य: अर्जदाराचं घर, शेत, सगळं तिथलंच. ‘राहत आहे’ने तो भाडेकरू वाटतो. ‘राहतो’ करायचं.

दुसरं: खोडं मोजली ती याच बागेतली, आजची. पाच बाय पाच फुटांवर लावली की एकरी साधारण साडेसतराशे बसतात, म्हणून आकडा जुळतो. इथे ‘असतात’ नको, ‘आहेत’ हवं. याउलट ‘पाच बाय पाचवर एकरी साडेसतराशे खोडं असतात’ हे बरोबर, कारण ते कुठल्याही बागेबद्दल आहे. एकाच आकड्याला दोन क्रियापदं लागतात, हे साहेबांना फार आवडलं.

तिसरं: ठिबक ही पाणी देण्याची पद्धत आहे, म्हणून ‘देतो’. ते गेले तेव्हा ठिबक चालूच नव्हतं, मोटारीला वीज नव्हती. तेव्हा ‘देत आहे’ हे तर चक्क खोटं ठरलं असतं.

चौथं: ‘पोहोचलो’ एकदाच. मागच्या काळात ढकलायचीही गरज नाही, वाक्य तिथेच आहे. ‘कापत होते.’

पाचवं: व्यापारी एकच ठरलेला असेल तर ‘घेतो’, कुणीही येत असतील तर ‘घेतात’. साहेबांनी अर्जदाराला विचारलं नव्हतं. फोन करून विचारलं, दोन-तीन जण येतात असं कळलं. ‘व्यापारी बांधावर येऊन माल घेतात.’

सहावं: इथे आम्ही अर्धा तास बसलो. ‘हप्ता भरतो’ लिहिलं तर तो शिस्तीचा आहे असा दाखला झाला, पण कुठल्या आधारावर? ‘भरत असतो’ तर गेलंच. खातं बघितल्यावर दिसलं की कर्ज घेतल्यापासूनचे सगळे सहामाही हप्ते तारखेच्या आत आले होते आणि अजून काही बाकी होते. म्हणजे सुरू झालेलं, न तुटलेलं, न संपलेलं. हे ‘भरत आहे’चं काम. वाक्य झालं: ‘अर्जदार कर्ज घेतल्यापासून प्रत्येक सहामाही हप्ता मुदतीत भरत आहे.’ ‘प्रत्येक’ आणि ‘भरत आहे’ एका वाक्यात बघून साहेब थबकले. मग ‘घेतल्यापासून’खाली त्यांनी स्वतःच रेघ ओढली.

पंधरा दिवसांनी अर्जदार बँकेत आला. साहेबांनी त्याला मुद्दाम विचारलं, काका, हप्त्याचं काय? तो म्हणाला, ‘भरून राहिलो ना साहेब.’ साहेबांनी फाइलवर लिहिलं, ‘भरत आहे’, आणि संध्याकाळी ती गोष्ट सांगायला वहीशिवायच आले.